डॅशबोर्डवरचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. जानेवारीपासून मोजलं की रोहयोचे दिवस आणि किसानचे हप्ते दोन्ही चुकतात

१ एप्रिल २०२५ उजाडला आणि रोजगार हमीच्या डॅशबोर्डवर गावागावांचे आकडे पुन्हा शून्यावर आले. मार्चअखेर हजारात दिसणारे मनुष्यदिवस अचानक गायब झाले. काही गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच स्क्रीनशॉट फिरू लागतात, ‘आपल्या गावात काम बंद केलं’, ‘केलेलं काम पुसून टाकलं’. प्रत्यक्षात काहीच पुसलेलं नसतं. वर ‘Financial Year’ असा रकाना असतो, त्यात २०२५-२६ आपोआप निवडलेलं असतं. तिथे बोट ठेवून २०२४-२५ निवडलं की सगळे आकडे जिथल्या तिथे दिसतात.

ही गोष्ट छोटी वाटते, पण घोळ इथूनच सुरू होतो. आपल्या डोक्यातलं वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरचं असतं, जानेवारी ते डिसेंबर. सरकारी पैशाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं चालतं. इंग्रजांनी १८६७ मध्ये ते सुरू केलं, त्याआधी ते १ मे ते ३० एप्रिल होतं. गावाला एप्रिल-मार्च तसं नवीन नाही. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायची धावपळ प्रत्येक घराला माहीत आहे. तलाठ्याकडचं महसुली वर्ष मात्र १ ऑगस्ट ते ३१ जुलै असतं. म्हणजे एकाच गावात तीन वर्षं चालतात. कोणता आकडा कोणत्या वर्षाचा आहे हे पाहिलं नाही तर बरोबर आकड्यावरूनही चुकीचा निष्कर्ष निघतो.

आधी सोपं उदाहरण : किसान सन्मानचा ‘हरवलेला’ हप्ता

पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. हे सगळ्यांना पाठ आहे. आता पासबुक काढा आणि २०२१ साल बघा. त्या सालात आठवा हप्ता १४ मे २०२१ ला सुटला आणि नववा ९ ऑगस्ट २०२१ ला. त्यानंतर डिसेंबर संपेपर्यंत काहीच नाही. जानेवारी ते डिसेंबर बेरीज केली तर चार हजारच भरतात. दोन हजार गेले कुठे?

कुठेच गेले नाहीत. दहावा हप्ता १ जानेवारी २०२२ ला सुटला. फक्त एका दिवसाने तो कॅलेंडरच्या पुढच्या सालात गेला. योजनेच्या हिशोबात तो डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या चार महिन्यांचा, म्हणजे २०२१-२२ या आर्थिक वर्षाचाच हप्ता आहे. एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ अशी बेरीज केली की आठवा, नववा, दहावा असे तीन हप्ते आणि सहा हजार रुपये बरोबर जुळतात.

पुढची वर्षंही अशीच लावून बघता येतात. २०२४-२५ मध्ये सतरावा हप्ता १८ जून २०२४ ला, अठरावा ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या कार्यक्रमातून आणि एकोणिसावा २४ फेब्रुवारी २०२५ ला सुटला. तीन झाले. २०२४ हे कॅलेंडर साल धरलं तरी हप्ते तीनच येतात, पण ते दुसरे तीन असतात. त्यात फेब्रुवारी २०२४ चा सोळावा आत येतो आणि एकोणिसावा बाहेर राहतो. रक्कम सारखी दिसते म्हणून चूक लक्षात येत नाही. एखाद्याचा सोळावा हप्ता ई-केवायसीमुळे अडकला असेल, तर कॅलेंडरप्रमाणे तो २०२४ ची तक्रार करेल आणि कार्यालयात २०२३-२४ ची यादी काढावी लागेल. दोघंही खरं बोलतात, पण वेगवेगळ्या वर्षाबद्दल. म्हणून तक्रारीच्या अर्जात साल न लिहिता हप्त्याचा क्रमांक लिहिणं कधीही चांगलं.

रोजगार हमी : शंभर दिवस कोणत्या वर्षातले?

किसानमध्ये फार तर गैरसमज होतो. रोजगार हमीत मजुराचा हक्कच बुडू शकतो. २०२४-२५ मध्ये लागू असलेल्या कायद्यात स्पष्ट होतं की ग्रामीण कुटुंबाला एका आर्थिक वर्षात किमान शंभर दिवस काम. हे दिवस माणशी मोजले जात नाहीत, कुटुंबाचे मिळून मोजले जातात. नवरा-बायको दोघं एका दिवशी कामावर गेले की कुटुंबाचे दोन दिवस भरले.

आता एक उदाहरण बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण हजेरीपट मात्र गावात चालतो तसाच धरला आहे, आठवड्याला सहा दिवस आणि एक सुट्टी. एका कुटुंबाच्या जॉबकार्डवर असे दिवस भरले आहेत :

- जानेवारी २०२४ : १८ दिवस
- फेब्रुवारी २०२४ : १८ दिवस
- मार्च २०२४ : २४ दिवस
- एप्रिल २०२४ : १८ दिवस
- मे २०२४ : १८ दिवस
- जून २०२४ : ६ दिवस
- डिसेंबर २०२४ : ६ दिवस
- जानेवारी २०२५ : १२ दिवस
- फेब्रुवारी २०२५ : १२ दिवस

कॅलेंडरप्रमाणे २०२४ सालाची बेरीज होते १०८ दिवस. शंभर ओलांडले. २०२५ साल धरलं तर २४ दिवस भरले आणि ७६ बाकी. घरचा माणूस म्हणतो, ‘घाई कशाला, अजून ७६ दिवस आहेत, डिसेंबरपर्यंत करू.’

आर्थिक वर्षाने मोजलं की चित्र पूर्ण बदलतं. २०२४ च्या जानेवारी ते मार्चचे ६० दिवस मागच्या वर्षात, म्हणजे २०२३-२४ मध्ये गेले. एप्रिल २०२४ पासून १८, १८, ६, ६, १२ आणि १२ मिळून ७२ दिवस. म्हणजे फेब्रुवारी २०२५ संपताना या कुटुंबाचे २८ दिवस शिल्लक होते आणि ते वापरायला हातात फक्त मार्च महिना होता. एकट्या माणसाचे मार्चमध्ये चार आठवड्यांचे २४ दिवस होतात. घरातले दोघं गेले असते तर २८ दिवस तीन आठवड्यांच्या आत भरले असते. मार्च गेला, काम मागितलं नाही, तर ते २८ दिवस तिथेच संपले. पुढच्या वर्षाला ते जोडून मिळत नाहीत. १ एप्रिलला नवे दिवस सुरू होतात.

उलटी चूकही होते. जानेवारी २०२५ मध्ये हे कुटुंब काम मागायला गेलं आणि समोरच्याने गेल्या सालाची १०८ ची बेरीज दाखवून ‘तुमचे शंभर झाले’ म्हटलं, तर ते साफ चुकीचं आहे. त्या दिवशी आर्थिक वर्षात ४८ च दिवस भरलेले होते. आणि समजा खरोखर शंभर भरले असते, तरी महाराष्ट्रात तेवढ्यावरून काम नाकारता आलं नसतं. शंभर दिवसांपर्यंतचा मजुरीचा भार तेव्हा केंद्राचा होता, त्यापुढच्या दिवसांचा राज्याच्या योजनेतून उचलला जायचा. म्हणजे ‘शंभर झाले’ हा पैसा कुठून येणार याचा प्रश्न होता, मजुराला परत पाठवायचं कारण नव्हे. कामाची मागणी लेखी द्यायची आणि तारखेची पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्त्याचा हक्क त्या तारखेवरून मोजला जातो.

मजुरीचा दरही एप्रिललाच बदलतो

रोहयोचा दर दरवर्षी १ एप्रिलपासून नवीन लागतो. महाराष्ट्रात २०२३-२४ ला तो २७३ रुपये होता, २०२४-२५ ला २९७ आणि २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता. त्यामुळे कॅलेंडरचं एक साल घेतलं की त्यात दोन दर मिसळतात.

वरच्याच कुटुंबाचं २०२४ साल घ्या. दिवस १०८. काम मापात पूर्ण भरलं असं धरू, कारण माप कमी भरलं तर मजुरीही कमी निघते. कोणी सरळ १०८ ला २९७ ने गुणलं तर ३२,०७६ रुपये येतात. पासबुकात मात्र ३०,६३६ च दिसतात. १,४४० रुपये कमी. लगेच संशय येतो की मधल्यामध्ये कोणी खाल्ले. पण जानेवारी ते मार्चच्या ६० दिवसांना जुना २७३ चा दर होता, त्याचे १६,३८० झाले. एप्रिलपासूनच्या ४८ दिवसांना २९७ ने १४,२५६ झाले. दोन्ही मिळून ३०,६३६. रुपयाचाही फरक नाही.

हे समजून घेणं दोन्ही बाजूंनी कामाचं आहे. खोटा संशय निघून जातो आणि हिशोब नीट लावूनही फरक उरला तर तो खरा फरक असतो. मग त्याची तक्रार ठामपणे करता येते.

कामाची तारीख की पैसे आल्याची तारीख?

सगळ्यात जास्त गोंधळ ३१ मार्चच्या आजूबाजूला होतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात केलेल्या कामाचे पैसे खात्यात एप्रिलमध्ये येतात, कधी त्याहून उशिरा. पासबुकात तारीख एप्रिलची, काम मार्चचं. मग हे सहा दिवस कोणत्या वर्षात धरायचे?

दिवस मोजताना कामाची तारीख धरायची. मार्चच्या हजेरीपटावरचे दिवस मार्चच्याच वर्षात जातात आणि दरही मार्चचाच लागतो. मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्याचे सहा दिवस २७३ ने १,६३८ रुपये होतात. ते एप्रिलमध्ये जमा झाले म्हणून २९७ ने १,७८२ मिळायला हवे होते असं म्हणता येत नाही. तो १४४ रुपयांचा फरक नव्हेच.

म्हणून पासबुक आणि जॉबकार्डाची नोंद जुळवताना पासबुक ३१ मार्चला बंद करायचं नाही. पुढचे दोन महिने तरी सोबत बघायचे आणि प्रत्येक जमेसमोर हजेरीपटाचा क्रमांक लावायचा. ज्या हजेरीपटासमोर जमा सापडणार नाही, ती मजुरी खरोखर थकली आहे. तारीख बघून जुळवणी केली तर थकलेली मजुरी आणि उशिरा आलेली मजुरी यांत फरकच कळत नाही.

गावातल्या पोरांनी शीट बनवली तर

आता बऱ्याच गावांत एखादा मुलगा किंवा बचत गटाची ताई मोबाइलवर गूगल शीटमध्ये हिशोब ठेवते. कामाची तारीख एका रकान्यात, दिवस दुसऱ्या रकान्यात. मग ‘वर्षाप्रमाणे बेरीज’ करायला गेलं की शीट आपोआप कॅलेंडर सालाने गट पाडते. २०२४ एक गट, २०२५ दुसरा. शीटला आपलं आर्थिक वर्ष ठाऊक नसतं, ते आपणच सांगावं लागतं. त्यासाठी वर्षाचा वेगळा रकाना करायचा. तारीख `A2` मध्ये असेल तर त्या रकान्यात हे लिहायचं :

```
=IF(MONTH(A2)>=4, YEAR(A2)&"-"&RIGHT(YEAR(A2)+1,2), YEAR(A2)-1&"-"&RIGHT(YEAR(A2),2))
```

याचा अर्थ साधा आहे. महिना एप्रिल किंवा त्यापुढचा असेल तर त्याच सालापासून वर्ष सुरू धर, जानेवारी ते मार्च असेल तर आदल्या सालापासून धर. ३१ मार्च २०२४ समोर `2023-24` येईल आणि १ एप्रिल २०२४ समोर `2024-25`. पहिल्यांदा याच दोन तारखा टाकून बघायच्या. त्या बरोबर आल्या की बाकीच्या बरोबर येतात. बेरीज मग या नव्या रकान्याप्रमाणे करायची.

महिन्यांचा क्रमही बघावा लागतो. तक्त्यात जानेवारी पहिला आला तर आर्थिक वर्षाचे शेवटचे तीन महिने सुरुवातीला येऊन बसतात आणि आलेख उलटासुलटा दिसतो. त्यासाठी आणखी एक रकाना :

```
=MOD(MONTH(A2)-4,12)+1
```

यात एप्रिलला १ नंबर मिळतो, जानेवारीला १० आणि मार्चला १२. या नंबरने क्रम लावला की वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत सरळ वाचता येतं.

खरी अडचण मात्र सूत्रात नसते, तारखेत असते. शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर ती आधी महिना आणि मग दिवस वाचते. आपण ३ एप्रिल २०२४ म्हणून `03/04/2024` लिहितो, शीट ते ४ मार्च २०२४ समजते. एप्रिलचा दिवस गुपचूप मार्चमध्ये जातो आणि त्याबरोबर मागच्या आर्थिक वर्षात. चूक दाखवणारा कोणताही लाल डाग येत नाही. ओळखायची खूण अशी, की १३ ते ३१ तारखेच्या नोंदी शीटला तारीख म्हणून कळतच नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. त्या रकान्यात डावीकडे चिकटलेल्या दिसतात आणि त्यांच्यासमोर सूत्र `#VALUE!` दाखवतं. अशा नोंदी दिसल्या तर फक्त त्याच दुरुस्त करून भागत नाही. १ ते १२ तारखेच्या नोंदीही बिघडलेल्या असतात, फक्त दिसत नाहीत. शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत करायचा आणि सगळ्या तारखा पुन्हा टाकायच्या.

अर्धं वर्ष आणि पूर्ण वर्ष यांची तुलना

एप्रिल-मे महिन्यात आणखी एक प्रकार दिसतो. चालू वर्षाचा आकडा मागच्या पूर्ण वर्षाशेजारी ठेवून ‘कामं इतक्या टक्क्यांनी घटली’ अशी पोस्ट येते. एका बाजूला एक महिना, दुसऱ्या बाजूला बारा महिने. अशी तुलना होऊच शकत नाही. एप्रिल २०२५ ची तुलना एप्रिल २०२४ शी करायची, जूनअखेरची जूनअखेरशी. सरकारी कागदात ‘पहिली तिमाही’ म्हटलं की एप्रिल ते जून समजायचं, जानेवारी ते मार्च ही चौथी तिमाही असते.

हेही सांगायला हवं, की आर्थिक वर्षाने मोजलं म्हणजे सगळंच नीट दिसतं असं नाही. खरीप २०२३ ला पावसाने ओढ दिली आणि राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या दुष्काळाची कामाची गरज हिवाळ्यापासून पुढच्या जूनपर्यंत राहते. ३१ मार्च या हंगामाचे बरोबर दोन तुकडे करतो. मार्चपर्यंतचे मनुष्यदिवस २०२३-२४ मध्ये जातात आणि एप्रिल ते जूनचे २०२४-२५ मध्ये. दोन्ही वर्षांत थोडं थोडं वाढलेलं दिसतं आणि दुष्काळाचा खरा ताण कोणत्याच वर्षात पूर्ण दिसत नाही. अशा वेळी वर्षाची बेरीज बाजूला ठेवायची, महिन्यावार आकडे काढायचे आणि पावसाळा संपल्यापासून पुढचा पावसाळा सुरू होईपर्यंतचे महिने एकत्र मोजायचे.

ढोबळ नियम असा. हक्क, दर, निधी आणि खर्च तपासायचा असेल तर एप्रिल ते मार्च, कारण कायदा आणि पैसा दोन्ही त्याच वर्षाने चालतात. पाणी, पीक आणि मजुरांचं स्थलांतर समजून घ्यायचं असेल तर हंगाम धरायचा.

ग्रामसभेत आकडे वाचले जातात तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : हा आकडा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा आहे? इतिवृत्तातही नुसतं ‘२०२४ मध्ये’ न लिहिता ‘१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५’ असं लिहून घ्यावं. आणि ज्यांच्या घरी जॉबकार्ड आहे त्यांनी दिवाळीनंतर एकदा आणि जानेवारीअखेर एकदा एप्रिलपासूनचे दिवस मोजून ठेवावेत. जानेवारीअखेर बाकी कळली तर काम मागायला दोन महिने हातात राहतात. ३१ मार्चच्या रात्री कळली तर काहीच उरत नाही.